पाऊस मालाडचा, तपास कोपनहेगनचा

डेन्मार्कच्या सरकारी वाहिनीवर २००७ साली 'फोरब्रुडेल्सन' आली. जग तिला 'द किलिंग' म्हणून ओळखतं. एका मुलीचा खून, वीस भाग, आणि एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस असा तिचा सरळ हिशेब होता. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या डिकीत नाना बिर्क लार्सनचा मृतदेह सापडतो, गाडी निघते एका राजकारण्याच्या प्रचार कार्यालयाची, आणि तपास येतो सारा लुंड या अबोल, हेकट बाईकडे. स्वीडनला कायमचं निघण्याच्या तयारीत असलेली ही बाई उद्या जाईन, परवा जाईन म्हणत राहते आणि जात नाही.

या मालिकेचं अधिकृत हिंदी रूप २०२५च्या ऑक्टोबरात जिओहॉटस्टारवर आलं. 'सर्च : द नैना मर्डर केस' असं त्याचं नाव. दिग्दर्शक रोहन सिप्पी, मुख्य भूमिकेत कोंकणा सेन शर्मा. नानाची नैना मराठे झाली, गाडीही पाण्यातच सापडली, राजकारणीही आला. कोंकणा नेहमीप्रमाणे उत्तम आहे. पण वीस भागांच्या गोष्टीला इथे पहिल्या खेपेत सहा भाग मिळाले, आणि ते संपले तेव्हा तपास अर्ध्यातच होता. त्या सहा भागांतही संशयित इतक्या लगबगीने बदलतात की एकाचा संशय अंगात मुरण्याआधीच दुसरा दारात उभा असतो.

मूळ मालिकेत वेळ कुठे खर्च होतो ते पाहिलं की नक्कल कुठे फसते ते कळतं. तिथे पोलीस, राजकारण आणि मुलीचं घर असे तीन धागे आहेत, आणि त्यातला घराचा धागा सर्वांत संथ आहे. सामान वाहून नेण्याचा धंदा करणारा बाप, स्वयंपाकघरात गोठून बसलेली आई, आणि दोन धाकट्या मुलांना सांगायचं कसं हा प्रश्न. या गोष्टींचा खुनी शोधायला फारसा उपयोग नसतो. पण पोलिसांनी एका निर्दोष माणसावर बोट ठेवलं की त्याची झळ थेट या घरात लागते, बाप बिथरतो, आणि तपासातली चूक मग नुसतं कथानकाचं वळण राहत नाही. आपल्याकडे मात्र करडा रंग, रिमझिम पाऊस आणि न हसणारी अधिकारी एवढं घेतलं की 'नॉर्डिक' झालं असं समजतात.

अंधेरीत, म्हणजे वर्सोवा-ओशिवऱ्याच्या पट्ट्यात, हिंदी मालिकांचा निम्मा कारभार राहतो. लेखक तिथले, कास्टिंगवाले तिथले, ऑडिशनच्या रांगा तिथल्या. पण उदास जागा दाखवायची वेळ आली की युनिट हिमाचलला निघतं. बोरिवली ते मुलुंड पसरलेलं राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, कांजूर-मुलुंडची मिठागरं, घाटकोपरच्या डोंगरावर एकावर एक चढलेल्या वस्त्या यांच्याकडे कॅमेरा वळतो तो बहुधा पाठलागापुरता.

बरं, उपनगरांना स्वतःचा संथ तपास नाही असंही नाही. १९६५-६६मध्ये एकेकाळच्या जीआयपी रेल्वेलाइनच्या कडेने, पूर्व उपनगरांत, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. संशयावरून धरलेल्यांत रामन राघव होता. पोलिसांच्या दफ्तरी त्याची जुनी नोंद होती, पण या हल्ल्यांशी त्याला जोडणारा पुरावा नव्हता, म्हणून तो सुटला. १९६८च्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा तेच सुरू झालं. आता तपास गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णींकडे होता. २७ ऑगस्टला दक्षिण मुंबईत अ‍ॅलेक्स फियाल्हो या उपनिरीक्षकाने जुन्या फोटोवरून रामन राघवला ओळखलं. या अटकेच्या हकिकतीत एक तपशील नेहमी सांगतात. त्या माणसाच्या हातातली छत्री ओली होती आणि त्या भागात तेव्हा पाऊस नव्हता. विचारल्यावर तो म्हणाला, मालाडहून आलो.

कोपनहेगनचा पाऊस मनःस्थिती दाखवतो, इथे पाऊस पुरावा झाला. मालाडला कोसळतो आणि भेंडीबाजारात कोरडं असतं हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. नॉर्डिक मालिकांकडून शिकायचं तर हे शिकावं, की हवामान कथेच्या कामाला लावायचं. या तपासाचा पुढचा भागही तितकाच संथ आहे. माणूस हातात आहे, बोटांचे ठसे जुळलेत, पण तो बोलत नाही. काय हवं, असं विचारल्यावर तो कोंबडी मागतो, ती खाऊन आणखी मागतो, मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा. एवढं झाल्यावर तोच विचारतो, काय माहिती हवी आहे? वीस मिनिटांचा प्रसंग आहे हा, एकाही धावपळीशिवायचा.

यावर पडद्यावर काय झालं? श्रीराम राघवनने १९९१मध्ये रघुवीर यादवला घेऊन एक छोटा चित्रपट केला, आणि चौकशीच्या खोलीतला ताण त्यालाच सर्वांत नीट कळला असं माझं मत आहे. अनुराग कश्यपच्या २०१६च्या 'रामन राघव २.०'ने नाव घेतलं आणि हा चित्रपट त्या माणसाविषयी नाही हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. तो प्रामाणिकपणा मान्य, पण तपास त्याने सोडूनच दिला. त्यातला पोलीस स्वतःच इतका सडलेला आहे की शोधायला काही उरत नाही.

कुलकर्णींच्या आठवणींवरून मालिका झाली ती उपनगरांची नाही, परभणीची. 'मानवत मर्डर्स' (२०२४, सोनी लिव्ह, दिग्दर्शक आशिष बेंडे). १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची हत्याकांडं, गुप्तधनाची हाव, आणि आशुतोष गोवारीकरचा शांत, थोडा पुस्तकी कुलकर्णी. मकरंद अनासपुरेला विनोदाबाहेर काढल्याचं कौतुक व्हायलाच हवं. मराठीत या जातीचं सर्वांत जवळचं काम हेच. दोष एवढाच, की मुंबईचा अधिकारी गावाबाहेरून आल्यामुळे गाव बहुतेक वेळा त्याच्या नजरेतूनच दिसतं. मुली गमावलेल्या घरांना कोपनहेगनच्या त्या स्वयंपाकघराएवढी जागा मिळत नाही. ती जागा दिली आहे पंजाबातल्या 'कोहरा'ने (२०२३). भागही सहाच होते, पण सुविंदर विकीचा बलबीर सिंग तपास करताना स्वतःच्या मुलीपुढे उघडा पडत जातो, आणि धुकं केवळ दृश्यापुरतं राहत नाही. म्हणजे भाग कमी पडले ही 'सर्च'ची सबब पुरती पटत नाही.

उपनगरांतली मालिका कशी असेल? रुळालगत मृतदेह सापडतो, आणि पहिला प्रश्न हद्दीचा येतो, रेल्वे पोलिसांची की शहर पोलिसांची. मग अकस्मात मृत्यूची नोंद, पंच शोधणं, शवविच्छेदनासाठी घाटकोपरचं राजावाडी किंवा जुहूचं कूपर, नमुने कलिन्याच्या प्रयोगशाळेत, आणि अहवालाची वाट. आपले लेखक हा काळ 'तीन आठवड्यांनंतर' अशी पाटी टाकून ओलांडतात. खरं तर याच काळात घरचे लोक पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले असतात, साक्षीदार खोली बदलून विरारला गेलेला असतो, आणि हवालदाराची बंदोबस्ताला बदली झालेली असते. प्रत्येक कारणाने तपास एक दिवस मागे जातो, आणि प्रत्येक दिवसाचा एक भाग होऊ शकतो. त्यासाठी निर्मात्याने पहिल्याच भागात दुसरा खून मागायचं थांबवायला हवं.