‘काही भाग अस्पष्ट’ एवढं लिहून भागत नाही: ठाणे गॅझेटियरची मजकूर-फाईल

ठाणे जिल्ह्यावर काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी कॅम्पबेलच्या १८८२ च्या गॅझेटियरपाशी येतो. मुंबई इलाख्याच्या मालिकेतले खंड १३ आणि १४. archive.org वर स्कॅन आहेत, शेजारी ओसीआरने काढलेली मजकूर-फाईलही आहे. आपण घाईत असतो, म्हणून फाईलच वाचतो. ही फाईल वाईट आहे, पण ती कशी वाईट आहे हे कळलं तर तिचा सारांश प्रामाणिकपणे करता येतो.

पहिला बिघाड डोळ्यांत भरतो. पुस्तकात ‘आ’साठी á छापलाय आणि यंत्राला तो ओळखता येत नाही. मग Thána चं Thdna किंवा Th&na होतं, Kalyán चं Kalydn. हा बिघाड निरुपद्रवी आहे, कारण शब्द एकच संभवतो. सारांशात सरळ ‘कल्याण’ लिहा, खूण करायची गरज नाही.

खरा घोळ आकड्यांत आणि पानाच्या रचनेत आहे. या पुस्तकात समासात छोटे मथळे आहेत आणि तळाला भरपूर टिपा. यंत्र समास आणि मजकूर एकाच ओळीत ओढतं, टिपेचा बारीक अंक शेजारच्या संख्येला चिकटवतं. खालचा नमुना मी सरावासाठी बनवलाय. यातले वाहतुकीचे आकडे पुस्तकातले नाहीत, बिघाड मात्र तिथलेच आहेत:

```
Chapter VI. the line to Kalydn was opened on 1st May 185-t
Trade.      at a cost of Rs. «^ji, and passengers rose from
Railways.   15,0421 in 1873 to 3?,118 in 1880.2
```

आधी पानाचं चित्र उघडा. पुष्कळदा कागद स्वच्छ असतो, फक्त यंत्र चुकलेलं असतं. तसं असेल तर तो भाग ‘अवाचनीय’ नाहीच, चित्रावरून वाचा आणि पुढे जा. समजा इथे चित्रही पुसट आहे.

15,0421 बघा. स्वल्पविरामानंतर चार अंक येत नाहीत, म्हणजे शेवटचा १ हा टिपेचा क्रमांक. वाक्याच्या शेवटी 1880 नंतर २ आलाय, त्यानेही हेच पक्कं होतं. संख्या १५,०४२. याला मी ‘वाचलं’ म्हणेन.

3?,118 मध्ये एक अंक गेलाय. पण बाकीचे अंक चित्रात दिसत असतील तर संख्या ३०,११८ ते ३९,११८ यांच्यामध्येच आहे. म्हणजे नेमका आकडा गेला तरी ‘प्रवासी किमान दुप्पट झाले’ हे विधान टिकतं. बरेच जण इथे पूर्ण वाक्य गाळतात, किंवा अंदाजाने ३८ लिहून मोकळे होतात. दोन्ही चूक.

वर्षाचं वेगळं आहे. मुंबई–ठाणे गाडी १८५३ मध्ये आणि कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला हे आपल्याला इतरत्रून माहीत आहे. म्हणून शेवटचा अंक ४ असणार. पण तो या पानावर वाचलेला नाही, बाहेरून आणलेला आहे, आणि वाचकाला तो फरक दिसला पाहिजे. उद्या कोणी ‘गॅझेटियरही १८५४ च म्हणतं’ असा दुजोरा तुमच्या सारांशावरून दिला, तर तो दुजोरा पोकळ असेल.

खर्चाचं काहीच हाती लागत नाही. मग सारांश असा होतो:

कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५[४: इतर नोंदींवरून] रोजी सुरू झाला. त्याचा खर्च दिलेला आहे, पण [रुपयांची एक संख्या अवाचनीय]. १८७३ मधले १५,०४२ प्रवासी १८८० पर्यंत किमान दुप्पट झाले [३?,११८, दुसरा अंक अवाचनीय].

खूण विधानाला चिकटून आहे, आणि काय गेलं, किती गेलं हे ती सांगते. प्रबंधांत शेवटी टाकलेली ‘मूळ प्रतीतील काही भाग अस्पष्ट आहे’ ही ओळ यातलं काहीच सांगत नाही. कुठला आकडा सोडून द्यायचा हे त्यावरून कसं ठरवणार? शिलालेख वाचणाऱ्यांनी १९३१ मध्ये लायडनला खुणांची पद्धत ठरवली, तिच्यातही पुसट अक्षर, गेलेलं अक्षर आणि संपादकाने भरलेलं अक्षर यांना वेगवेगळ्या खुणा आहेत. आपल्याला सारांशात इतकं बारीक जायला नको, पण हे तीन प्रकार एकाच कंसात कोंबायचे नाहीत.

एक गोष्ट राहिली: ‘उल्लेख नाही’ असं लिहिणं. मी ठाकुर्लीत राहते, त्यामुळे कुठलीही जुनी फाईल उघडली की आधी Thakurli शोधते. शून्य निकाल आले तर त्यातून काय कळतं? जवळपास काहीच नाही. नाव Thdkurli झालेलं असेल, ओळीच्या टोकाला Thdkur- आणि li असं तुटलेलं असेल, किंवा चोळे गावाच्या नावाखाली असेल (इथल्या रेल्वेच्या वीजघरालाही ‘चोळा पॉवर हाऊस’च म्हणत). म्हणून आधी kur, Chol असे छोटे तुकडे शोधा, मग अनुक्रमणिकेचं चित्र डोळ्यांनी बघा. तरीही सापडलं नाही तर लिहा: ‘वाचता आलेल्या भागात उल्लेख आढळला नाही, पुढील पानं वाचता आली नाहीत’, आणि त्या पानांचे क्रमांक द्या. क्रमांक छापील पानाचे, स्कॅनचे नव्हेत. सुरुवातीच्या पानांमुळे दोन्ही जुळत नाहीत, आणि तुमच्या मागून येणारा भलत्याच पानावर ती रिकामी जागा शोधत बसतो.