काळे आधी की कावळे? डेटाबेसमधला क्रम आणि कोलेशन

प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य नेहमी सापडतं: ‘सहभागींची नावे वर्णानुक्रमे लावून दर पाचवे नाव निवडले.’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. देवनागरी नावांचा वर्णानुक्रम एकच नसतो. डेटाबेसमध्ये तो कोलेशन नावाच्या सेटिंगवर ठरतो, आणि सेटिंग बदललं की दर पाचवं नावही बदलतं. म्हणजे तुमचा नमुना बदलतो.

सहा आडनावं घेऊ: काणे, कांबळे, काळे, कावळे, क्षीरसागर, हिरे. ती पोस्टग्रेसच्या एका टेबलात आहेत असं समजा. कोलेशन `C` असेल तर क्रम येतो: कांबळे, काणे, काळे, कावळे, क्षीरसागर, हिरे. कोलेशन `und-x-icu` म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं सर्वसाधारण असेल, तर काणे, कांबळे, काळे, कावळे, क्षीरसागर, हिरे. आणि `mr-x-icu` म्हणजे मराठीचं असेल, तर कांबळे, काणे, कावळे, काळे, हिरे, क्षीरसागर. नावं तीच, कुणी काही चुकीचं टाइप केलेलं नाही, तरी तीन याद्या.

असं का होतं? `C` मध्ये फक्त युनिकोडचे क्रमांक पाहिले जातात. ळ चा क्रमांक ल आणि व यांच्या मध्ये आहे, म्हणून काळे हे कावळेच्या आधी. आपण शाळेत ळ हा ह नंतर म्हणतो, ते या यंत्रणेला ठाऊक नाही. क्षीरसागरचं तिच्या दृष्टीने पहिलं अक्षर क, मग हलन्त, मग ष. हलन्ताचा क्रमांक सगळ्या काना-मात्रांच्या नंतरचा, म्हणून हे आडनाव क च्या गटात अगदी शेवटी, केळकर-कोरेंच्याही मागे जातं. अनुस्वाराचा क्रमांक मात्र स्वरांच्याही आधीचा आहे, म्हणून कांबळे पुढे.

सर्वसाधारण कोलेशनमध्ये गंमत अनुस्वाराची आहे. तिथे अनुस्वाराला स्वतंत्र अक्षराचा दर्जा नाही. फ्रेंचमधल्या e वरच्या तिरक्या रेघेसारखी ती एक दुय्यम खूण समजली जाते. आधी खुणा सोडून तुलना होते, बरोबरी झाली तरच खूण पाहिली जाते. म्हणून कांबळे ‘काबळे’ असल्यासारखं वाचलं जातं आणि ण नंतर ब, या न्यायाने काणेच्या मागे जातं. इंग्रजीच्या `en-x-icu` मध्येही देवनागरी असंच लागतं.

आता त्या नेहमीच्या सल्ल्याकडे येते. क्रम चुकतोय म्हटलं की कुणीतरी सांगतं, ‘`utf8mb4` करून टाक, सगळं नीट होईल.’ हा सल्ला वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. `utf8mb4` हे एन्कोडिंग. अक्षरं चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन दिसत असतील तेव्हा ते तपासावं. अक्षरं नीट दिसतायत आणि फक्त क्रम खटकतोय, तर एन्कोडिंगचा दोष नाही.

शिवाय मायएसक्यूएलमध्ये हा सल्ला अर्धवट पाळला तर नुकसान होतं. आवृत्ती 8 मध्ये `utf8mb4` सोबत आपोआप येणारं कोलेशन म्हणजे `utf8mb4_0900_ai_ci`. त्यातलं `ai` सांगतं की दुय्यम खुणा धरायच्याच नाहीत. ही ओळ चालवून बघा:

```sql
SELECT 'चिंता' = 'चिता' COLLATE utf8mb4_0900_ai_ci;
```

उत्तर 1 येतं, म्हणजे दोन्ही शब्द समान! अशा कॉलमवर युनिक बंधन असेल तर दुसरी नोंद नाकारली जाते, आणि `GROUP BY` केलं तर दोन वेगळ्या व्यक्ती एकाच ओळीत येतात. क्रमातली गडबड निदान डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही. `utf8mb4_0900_as_cs` घेतलं की समानतेचा प्रश्न सुटतो. पण मायएसक्यूएलच्या यादीत मराठीचं कोलेशनच नाही, त्यामुळे मराठी क्रम तिथे तरीही मिळत नाही.

पोस्टग्रेसमध्ये तपासणी सोपी आहे. `psql` मध्ये `\l` दिलं की डेटाबेसचं कोलेशन दिसतं. `\d` पुढे टेबलाचं नाव दिलं की प्रत्येक कॉलमचं दिसतं, आणि तिथे रिकामी जागा असेल तर तो कॉलम डेटाबेसचंच कोलेशन वापरतोय. मग सेटिंग न बदलता एका क्वेरीपुरतं मराठी कोलेशन लावून पाहा. अवतरणचिन्हं दुहेरीच हवीत:

```sql
SELECT adnav FROM sahabhagi
ORDER BY adnav COLLATE "mr-x-icu";
```

यादी बदलली, तर कारण कोलेशनच. पण एकच आडनाव यादीत दोन ठिकाणी दिसत असेल तर दोष डेटात आहे: नावाआधी मोकळी जागा, किंवा टाइप करताना आलेला अदृश्य जोडखूण. दोन्हींवर `length(adnav)` चालवा. दिसायला सारख्या नावांची लांबी वेगळी आली की समजा.

मग `mr-x-icu` लावलं की झालं का? माझं मत: ळ आणि अनुस्वार यांच्यासाठी ते चांगलं आहे, क्ष आणि ज्ञ साठी डोळे उघडे ठेवून वापरावं. शाळेच्या वर्णमालेप्रमाणे ते ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट करतं. क्षीरसागर शेवटी गेलं याचं आपल्याला काही वाटत नाही. पण हा नियम नावाच्या पोटातल्या क्ष लाही लागतो. म्हणून पहिल्या नावांची यादी अजित, अमोल, अहिल्या, अक्षय अशी येते. प्रज्ञा ही प्रमोद आणि प्रशांतच्या मागे. नियमाला धरून हे बरोबर आहे, पण अक्षयला शोधणारा माणूस अ च्या सुरुवातीलाच बघणार. हजेरीपत्रक हाताने लावणारे लिपिकही बहुधा त्याला तिथेच ठेवतील.

तुम्हाला ळ शेवटी हवा, पण क्ष हा क मध्येच हवा असेल, तर पोस्टग्रेस 16 पासून स्वतःचा नियम देता येतो:

```sql
CREATE COLLATION mr_nave (
  provider = icu, locale = 'und',
  rules = '&ॐ < ं << ँ < ः &ह < ळ');
```

यातला पहिला भाग अनुस्वाराला स्वतंत्र अक्षराचा दर्जा देऊन स्वर-व्यंजनांच्या आधी बसवतो, दुसरा ळ ला ह नंतर नेतो. अर्थात बाराखडीत कं हा कौ नंतर येतो, त्यामुळे अनुस्वार पुढे का, असं कुणी विचारलं तर तो प्रश्नही रास्तच आहे.

अजून एक ठिकाण सांभाळा. पायथनच्या पांडासमधलं `sort_values` युनिकोडचे क्रमांक बघतं, म्हणजे `C` सारखं वागतं. डेटाबेसमधून मराठी क्रमाने काढलेली नावं आणि पांडासमध्ये नावानुसार लावलेले गुण शेजारी-शेजारी चिकटवले, तर वरच्या सहांपैकी काळेचे गुण कावळेला आणि क्षीरसागरचे हिरेला जातील. कुठलीही त्रुटी दाखवली जाणार नाही, कारण दोन्हीकडे सहाच ओळी आहेत. जोडणी ओळीच्या जागेवरून नको, सहभागी क्रमांकावरून करा. आणि पद्धतीच्या त्या वाक्यात ‘वर्णानुक्रमे’च्या पुढे कोलेशनचं नाव आणि पोस्टग्रेसची व आयसीयूची आवृत्ती लिहा. आयसीयूच्या आवृत्तीगणिक नियम बदलू शकतात, आणि ती बदलल्यावर त्या कॉलमवरचे इंडेक्स `REINDEX` ने पुन्हा बांधावे लागतात.