चार रेणू, दोन कप्पे आणि राइफच्या पुस्तकातली मोकळी जागा

'एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था' हे वाक्य जवळपास प्रत्येक गाइडमध्ये सापडतं. वसई-विरारकडची जॅम किंवा नेटची तयारी करणारी मुलं मला भेटतात, तेव्हा मी त्यांना ते गाइड बाजूला ठेवून फ्रेडरिक राइफ यांचं 'स्टॅटिस्टिकल फिजिक्स' वाचायला सांगतो. बर्कले फिजिक्स कोर्सचा हा पाचवा खंड. त्याचं पहिलं प्रकरण उत्तमच आहे, पण त्यात दोन ठिकाणी विद्यार्थी अडखळतो. तिथे पुस्तक लगेच मदतीला येत नाही.

राइफ एक डबा घेतात, मनातल्या मनात त्याचे दोन सारखे कप्पे करतात आणि आत चार रेणू सोडतात. रेणूंना १ ते ४ नंबर दिलेले. प्रत्येक रेणू डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे एकूण १६ मांडण्या. यातली प्रत्येक मांडणी ही एक मायक्रोस्टेट. बाहेरून मोजता येतं ते फक्त 'डावीकडे किती' एवढंच, ती झाली मॅक्रोस्टेट. डावीकडे ४, ३, २, १, ० रेणू असण्याच्या मांडण्या अनुक्रमे १, ४, ६, ४, १.

या तक्त्याची खरी ताकद अशी, की 'अव्यवस्था' हा शब्दच लागत नाही. '१ आणि ३ डावीकडे, २ आणि ४ उजवीकडे' ही ठरावीक मांडणी 'चारही डावीकडे' या मांडणीपेक्षा जराही जास्त शक्य नाही. दोन्हींची शक्यता १६त १. दोन-दोनची वाटणी जास्त वेळा दिसते, कारण त्या नावाखाली सहा मांडण्या येतात. म्हणजे S = k ln W मधला W एका मांडणीचा नसतो, तो गटाचा असतो. (विरार लोकलच्या डब्यांवर हे गणित लावू नका. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून डबा निवडतो, त्यामुळे मांडण्या समशक्य राहत नाहीत.)

आता पहिली अडचण. नायट्रोजनचे सगळे रेणू एकसारखे, मग नंबर कसले द्यायचे? नंबर पुसले तर उरतात फक्त पाच अवस्था, आणि प्रत्येकीची शक्यता पाचात एक धरावीशी वाटते. चार नाणी १६० वेळा उडवून बघा. दोन छाप-दोन काटा साधारण ६० वेळा येईल, ३२ वेळा नाही. पण नाण्यांना आपण वेगवेगळं ओळखू शकतो, त्यामुळे शंका पुरती मिटत नाही.

ती मिटते ती अशी. कप्पा म्हणजे एकच खुर्ची नव्हे. विरळ वायूत एका कप्प्यात रेणूला उपलब्ध असलेल्या क्वांटम अवस्था, समजा M, रेणूंच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त असतात. नंबर न देता n रेणू डावीकडे बसवायचे मार्ग जवळपास Mⁿ/n! होतात, तसेच उजवीकडे उरलेल्यांचे. गुणाकार केला की M चा घात सगळीकडे सारखाच येतो आणि उरतं 1/(n!(4−n)!). त्याचं प्रमाण पुन्हा १ : ४ : ६ : ४ : १ असंच. म्हणजे राइफ यांचे नंबर ही सोय आहे, उत्तर त्यावर टांगलेलं नाही. प्रत्येक कप्प्यात एकच अवस्था आणि रेणू बोसॉन, अशी स्थिती असेल तरच पाच समशक्य अवस्था खऱ्या ठरतील.

दुसरी अडचण परीक्षेत जास्त दिसते. चारही रेणू डावीकडे अडवले आणि मधला पडदा काढला. शेवटची एंट्रॉपी किती, k ln 6 की k ln 16? पहिल्या प्रकरणात मोजणी आहे, पण एंट्रॉपीची व्याख्या बरीच पुढे येते. मधला सांधा वाचणाऱ्यानेच जोडायचा. पडदा काढल्यावर १६ही मांडण्या खुल्या होतात, म्हणून समतोलाची एंट्रॉपी k ln 16, म्हणजे 4k ln 2. k ln 6 ही एंट्रॉपी 'आत्ता दोन-दोन आहेत' हे बघून कळलेल्या अवस्थेची. आकडे २.७७ आणि १.७९, फरक चांगलाच मोठा. पण १०० रेणू घ्या: 100 ln 2 म्हणजे ६९.३, आणि बरोबर ५०-५० वाटणीचा ln W ६६.८. रेणू वाढतात तसा हा फरक एकूण आकड्याच्या तुलनेत नगण्य होतो, म्हणून पुस्तकं दोन्ही व्याख्या बिनधास्त अदलाबदल करून वापरतात.

याच १०० रेणूंमध्ये बरोबर ५०-५० दिसण्याची शक्यता मात्र सुमारे ८ टक्केच, चार रेणूंना ती ३७.५ टक्के होती. 'समान वाटणी सर्वांत संभाव्य' एवढंच पाठ केलेल्याला हे उलटं वाटतं. रेणू वाढले की नेमकी समान वाटणी दुर्मीळ होते, पण तिच्या आसपासचा पट्टा भरत जातो: डावीकडे ४० ते ६० रेणू असण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या वर आहे. चार रेणूंमध्ये सगळे एका बाजूला येणं आठात एकदा घडतं, त्यामुळे त्या डब्याकडे बघून दुसरा नियम मोडला असं कोणी म्हणू नये.