गॅलिलिओची मुलाखत आणि न विचारलेला प्रश्न

विज्ञान दिनाला ‘शास्त्रज्ञाची काल्पनिक मुलाखत’ बसवण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या गॅलिलिओच्या मुलाखतींत एक संवाद हटकून असतो. निवेदक विचारतो, “पिसाच्या मनोऱ्यावरून आपण दोन गोळे टाकलेत ना?” गॅलिलिओ म्हणतो, “हो, दोन्ही एकदम पडले!” टाळ्या पडतात आणि विषय संपतो.

आमचा आक्षेप इथेच आहे. ही कथा गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी याने सांगितली. स्वतः गॅलिलिओने आपल्या पुस्तकांत तिचा उल्लेख केलेला नाही. शिवाय ‘एकदम’ हा शब्दही त्याचा नाही. १६३८ सालच्या ग्रंथात तो लिहितो, की शंभर हातांवरून टाकल्यास मोठा गोळा लहान गोळ्याच्या दोन बोटे पुढे असतो. हवेच्या विरोधामुळे पडणारा हा फरक त्याने लपवला नाही.

निवेदकाने खरे तर विचारायला हवे होते, “सेकंद मोजणारे घड्याळ नसताना आपण वेळ मोजलात कसा?” मग गॅलिलिओला आपली युक्ती सांगता आली असती. बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत त्याने सरळ खोबण कोरली, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावले आणि तुळईचे एक टोक हात-दोन हात उचलले. काशाचा गोळा उतारावरून सावकाश घरंगळतो, म्हणून वेळ मोजता येतो. गोळा सुटताच मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पाणी सोडायचे, तो पोचताच नळी बंद करायची आणि जमलेले पाणी तोलायचे. पूर्ण अंतराला ४० ग्रॅम पाणी जमले, तर पाव अंतराला २० ग्रॅम जमावे. निम्म्या वेळात पाव अंतर, म्हणजे अंतर वेळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हा प्रयोग रंगमंचावरही करता येईल. पूर्ण अंतराचे पाणी दुपटीहून कमी भरू लागले, तर भांडे लहान आहे असा संशय घ्यावा. पाण्याची पातळी उतरली, की धार मंदावते. त्यासाठी भांडे रुंद घ्यावे आणि प्रत्येक वेळी ते सारख्याच खुणेपर्यंत भरावे. एका मापावर विसंबू नये. गॅलिलिओने हा प्रयोग शंभरदा केल्याचे लिहिले आहे.

गंमत अशी, की गॅलिलिओचे हे पुस्तकही संवादरूपच आहे. त्यातला सिम्प्लिचिओ मान डोलवत नाही, तो शंका काढतो. उतारावरच्या या नियमाबद्दलही प्रयोगाचा पुरावा तोच मागतो, आणि म्हणून वाचकाला तुळईची हकीकत मिळते. आपल्या मुलाखतींतला निवेदक मात्र उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा विचारतो. संहिता लिहिताना गॅलिलिओचा झगा शिवण्याआधी निवेदकाच्या तोंडी एक खरी शंका घालावी, एवढेच आम्ही सुचवू.