एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा

मराठवाड्यात कपाशीचा प्रयोग म्हटला की नांदेडचे कापूस संशोधन केंद्र आठवते. ‘नांदेड ४४’ हा संकर वाण तिथलाच. म्हणून रसग्रहणासाठी नांदेडच्या काळ्या जमिनीतला एक प्रयोग कल्पू. आकडे मी वाचनापुरते बांधले आहेत. आटोपशीर वाढीचा वाण ‘क’ आणि पसरट झाडाचा वाण ‘ख’. दोन ओळींतले अंतर ६०, ९० आणि १२० सेंटिमीटर. प्रत्येक जोडी चार वेळा, म्हणजे एकूण २४ प्लॉट. आलेख कागदावर छापलेला आहे. तक्ता मात्र लातूरच्या कृषी महाविद्यालयातल्या एखाद्या मित्राने प्रबंधातून मोबाइलवर टिपून पाठवला आहे, तिरका आणि उजवीकडे सावली पडलेला.

आधी आलेख पाहू. ‘क’ची रेषा हेक्टरी १७ क्विंटलवरून १५ आणि मग १३ वर उतरते. ‘ख’ची १३ वरून १५ आणि १६ वर चढते. ९० सेंटिमीटरवर दोघी भेटतात. शेतातले कारणही तिथेच दिसते. आटोपशीर झाड दाट लावले तर जमीन भरून निघते आणि हेक्टरी बोंडे वाढतात. अंतर मोठे ठेवले तर ओळींमधली जागा रिकामीच राहते. पसरट झाडाचे उलटे. दाटीत फांद्या एकमेकींवर येतात, आतल्या पात्यांना ऊन मिळत नाही आणि पातेगळ होते.

आता फोटो. मधली ओळ अंधुक आहे. वाण × अंतर या आंतरक्रियेच्या वर्गांची बेरीज ४९.३३ की १९.३३, ते डोळ्यांना ठरवता येत नाही. पण अनोव्हाचा तक्ता स्वतःचा हिशेब स्वतः तपासतो, आणि त्याचे हेच रूप मला सर्वांत आवडते. तळाची एकूण बेरीज ९०.३३ स्पष्ट दिसते. रेप्लिकेशन ९.००, वाण ०.६७, अंतर १.३३ आणि एरर ३०.०० वजा केले की ४९.३३ उरतात. एररची डिग्री ऑफ फ्रीडम फोटोत कापली गेली आहे, तीही परत मिळते: एकूण २३ मधून ३, १, २, २ काढले की १५. मग ३० भागिले १५, म्हणजे एररचा सरासरी वर्ग २. आंतरक्रियेचा सरासरी वर्ग २४.६७, म्हणून एफ १२.३३. कोष्टकात ५ टक्के पातळीला हवा ३.६८.

तक्त्यातल्या मुख्य परिणामांच्या दोन ओळी मात्र गप्प आहेत. वाण आणि अंतर या दोघांचाही एफ ०.३३. घाईने वाचणारा इथे लिहितो, ‘वाणाचा परिणाम नाही, अंतराचाही नाही.’ आलेख त्याला अडवतो. ‘क’ची सरासरी १५ आणि ‘ख’ची १४.६७ जवळ आली, कारण एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात मिसळला. सरासरीत दोन्ही रेषा पुसल्या गेल्या. आंतरक्रिया एवढी ठळक असताना मुख्य परिणामांच्या ओळींवरून शिफारस करू नये.

आलेखालाही तक्त्याची गरज आहे. मोजलेल्या सरासऱ्यांच्या रेषा अगदी समांतर क्वचितच येतात, आणि उभा अक्ष १२ पासून सुरू केला तर उतार आणखी तीव्र दिसतो. म्हणून ५ टक्के पातळीचा सीडी पाहायचा. इथे तो २.१३ आहे. ६० सेंटिमीटरवर दोन वाणांत ४ चा फरक, १२० वर ३ चा, दोन्ही ग्राह्य. पण ‘क’ चा १७ वरून १५ असा उतार २ चाच आहे. डोळ्यांना ठळक वाटला तरी तो सीडीच्या आत बसतो. ‘क’ला ६० आणि ९० यांतले कोणते अंतर बरे, हे हा प्रयोग सांगत नाही.

आंतरक्रिया अशी तपासण्याची रीत जुनी आहे. १९२३ मध्ये फिशर आणि मॅकेन्झी यांनी रॉथमस्टेडच्या बटाट्याच्या बारा वाणांना खतांसोबत तपासले, तेव्हा वाणागणिक खताचा प्रतिसाद वेगळा असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नव्हता. पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकातून हीच रीत आपल्या कृषी विद्यार्थ्यांपर्यंत आली.

असमांतर रेषांचेही दोन प्रकार आहेत. पंख्यासारख्या फाकणाऱ्या रेषा उत्पादनाचा लॉग घेतला की कधी कधी समांतर होतात, म्हणजे तिथे दोष मोजपट्टीचा असू शकतो. छेदणाऱ्या रेषांना ही सूट नाही. कोणत्याही चढत्या मोजपट्टीवर ६० सेंटिमीटरला ‘क’ वर आणि १२० ला ‘ख’ वर राहणारच. मात्र हे सगळे एका हंगामाचे. पाऊस ऑगस्टमध्ये ताण देतो की नाही यावर दाट ओळींचे उत्पन्न फिरते, आणि तेव्हा तक्त्यात वर्ष हा तिसरा घटक म्हणून घालावा लागतो.