'म्हणे' जरा जपून

ओमानमधलं बहला गाव जिन्नांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. त्या गोष्टी मराठीत आणताना तुम्ही 'बहलात जिन्न राहतात म्हणे' असं लिहिलंत, तर क्षणभर थांबा आणि मूळ अरबी शब्द पाहा.

तिथे 'युकालु' असेल, तर ते कर्मणी रूप आहे: 'सांगितलं जातं'. सांगणारा दडलेला, पण त्याच्यावर अविश्वास नाही. आपलं 'म्हणे' बोलताना सुरानं सावरता येतं. छापलं की त्याचा सहज टोमणा होतो आणि आपण गावकऱ्यांना हसतोय असं वाटतं. इथे 'राहतात, असं सांगतात' हेच बरं.

'ज़अमू' असेल, तर आजच्या अरबीत लेखकानं बहुधा शंका घेतलेली असते. तिथे 'म्हणे' चपखल बसतं. 'सांगतात' लिहिलंत तर ती शंकाच पुसली जाते. मात्र 'कलीला व दिम्ना'सारख्या जुन्या कथांची सुरुवातच 'ज़अमू'नं होते. तिथे पुन्हा 'सांगतात'च.

आणि 'यब्दू' ऐकीव नव्हेच. तो खुणांवरून बांधलेला अंदाज: 'असं दिसतं'.

म्हणून प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा: हे कुणाकडून कळलं? आणि सांगणाऱ्याला ते पटलंय का?