तेरा ठिपके आणि एक सावध परिच्छेद

पद्धतशीर आढाव्यात पब्लिकेशन बायसचा परिच्छेद बहुधा शेवटाकडे येतो. पाच-सहा वाक्यांचा असतो आणि घाईतला वाचक त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. लेखकाचा हात किती तयार आहे, हे मात्र मला त्याच परिच्छेदात सर्वांत स्पष्ट दिसतं. इथे त्याच्यापाशी एकच आकृती असते. ती काहीतरी सुचवते, सिद्ध मात्र फार थोडं करते. सुचणं आणि सिद्ध होणं यांतलं अंतर वाक्यावाक्यात राखायचं, हीच या परिच्छेदाची कला आहे.

ती पाहायला चेन्नईहून चांगली जागा नाही. १९६८ मध्ये तेव्हाच्या मद्रासला वेढून असलेल्या चिंगलपुट जिल्ह्यात बीसीजी लशीची एक प्रचंड चाचणी सुरू झाली. तिचा पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल १९९९ मध्ये चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राने प्रसिद्ध केला. जगभरच्या बीसीजी चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ही चाचणी ‘मद्रास १९८०’ या नावाने बसते. तिच्यासह १३ चाचण्यांचा संच आज सांख्यिकीच्या वर्गांत जगभर शिकवला जातो आणि आर या संगणकभाषेच्या ‘मेटाफॉर’ पॅकेजसोबत कोणालाही मिळतो. आकृती स्वतः काढून पाहायची असेल तर एवढं पुरतं:

```
library(metafor)
dat <- escalc(measure="RR", ai=tpos, bi=tneg,
              ci=cpos, di=cneg, data=dat.bcg)
res <- rma(yi, vi, data=dat)
funnel(res)
regtest(res, model="lm")
```

पडद्यावर उलटं नरसाळं उमटतं. आडव्या अक्षावर लशीचा परिणाम असतो. डावीकडे जावं तसा फायदा वाढतो. उभ्या अक्षावर प्रमाण-त्रुटी असते, म्हणून मोठ्या, अचूक चाचण्या वर आणि लहान चाचण्या खाली बसतात. सगळ्या चाचण्या एकच सत्य मोजत असतील, तर वरचे ठिपके मधोमध दाटतील आणि खालचे दोन्ही बाजूंना सारखे पसरतील. खालचा उजवा कोपरा ओस दिसला की शंका येते: फायदा न दिसलेल्या लहान चाचण्या छापल्याच गेल्या नाहीत की काय? या आकृतीवर लिहिलेला, मला पसंत पडेल असा परिच्छेद पुढे देतो. आकडे या संचाचेच आहेत.

‘फनेल प्लॉट पाहता आकृती असममित वाटते, लहान चाचण्यांपैकी बहुतेक लशीच्या बाजूने झुकलेल्या आहेत. एगरच्या कसोटीत या असममितीला पुष्टी मिळाली नाही (पी-मूल्य ०.१९), परंतु चाचण्या १३च आहेत आणि त्यांच्यात मोठी तफावत आहे (आय-स्क्वेअर ९२ टक्के), त्यामुळे या निकालावरून असममिती नाही असे म्हणता येत नाही. सर्वांत अचूक चार चाचण्यांची जोखीम-गुणोत्तरेही ०.२४ ते १.०१ अशी दूर पसरली आहेत, आणि चाचणीच्या ठिकाणाचे अक्षांश या तफावतीचा मोठा भाग स्पष्ट करतात. असममितीमागे ही खरी तफावत असू शकते; अप्रकाशित चाचण्यांची शक्यताही नाकारता येत नाही. एकत्रित गुणोत्तर स्थिर-परिणाम पद्धतीने ०.६५ आणि यादृच्छिक-परिणाम पद्धतीने ०.४९ येते, यांपैकी कोणताही आकडा सर्व प्रदेशांसाठीचा अंदाज म्हणून वाचू नये.’

पहिल्या वाक्यातलं ‘बहुतेक’ पाहा. खालच्या बाजूला कॅनडातली फर्ग्युसन आणि सिम्स यांची १९४९ची चाचणी आहे, तिचं गुणोत्तर ०.२०. हैतीतली १९७३ची चाचणीही ०.२० वर आहे. दोन्ही डावीकडे. पण आकृतीतला सर्वांत खालचा ठिपका, म्हणजे कॉमस्टॉक आणि वेबस्टर यांची १९६९ची जॉर्जियातली चाचणी, उजवीकडे १.५६ वर आहे. तिथे लस घेतलेल्यांत ५ आणि न घेतलेल्यांत ३ रुग्ण निघाले होते. इतकी लहान आणि लशीच्या विरुद्ध झुकणारी चाचणीही छापली गेली होती. ‘सर्व लहान चाचण्या’ असं लिहिलं असतं तर त्या एका ठिपक्याने वाक्य खोटं ठरवलं असतं. शिवाय लेखकाने ‘असममित आहे’ न म्हणता ‘असममित वाटते’ म्हटलं आहे. तेरा ठिपक्यांच्या आकृतीबद्दल दोन अनुभवी जाणकारांचंही एकमत होईलच असं नाही, ही जाण त्या एका क्रियापदात आहे. नेमकेपणा आणि नम्रता एकाच वाक्यात अशी क्वचित भेटतात.

दुसऱ्या वाक्यात सर्वांत मोठा मोह टाळला आहे. मॅथियास एगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली ही कसोटी लहान-मोठ्या चाचण्यांच्या परिणामांत पद्धतशीर फरक आहे का, एवढंच तपासते. पी-मूल्य ०.१९ आलं की ‘पब्लिकेशन बायस आढळला नाही’ असं लिहून मोकळं व्हायची सवय अनेक आढाव्यांत दिसते. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: पी-मूल्याच्या शेजारी चाचण्यांची संख्या दिलेली नसते. जोनाथन स्टर्न आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘बीएमजे’त दिलेल्या शिफारशींनुसार दहापेक्षा कमी चाचण्या असतील तर ही कसोटी लावूच नये. १३ म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडलेला. त्यात तफावत मोठी असली की खरी असममितीही तिच्या हातून निसटते. म्हणूनच लेखकाने स्वल्पविरामापुढे ‘परंतु’ आणून निकालाची ताकद त्याच वाक्यात मोजली. कसोटीचा आकडा आणि कसोटीची मर्यादा यांना एका वाक्यात बांधून ठेवणं हा मला या परिच्छेदातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

परिच्छेदाचं मर्म तिसऱ्या वाक्यात आहे. सामान्य वाचक नरसाळ्याच्या तळाकडे बघतो. हा लेखक आपली नजर टोकाकडे वळवतो. लहान चाचण्या गाळल्या जाणं एवढंच कारण असतं, तर मोठ्या चाचण्या तरी एकमेकींशी जुळल्या असत्या. इथे टोकालाच फाटाफूट आहे. ब्रिटनमधली हार्ट आणि सदरलँड यांची चाचणी ०.२४ वर, अमेरिकेतली स्टाइन आणि अ‍ॅरन्सन यांची ०.४६ वर, पोर्तो रिकोतली ०.७१ वर आणि मद्रास १.०१ वर. मद्रासच्या आकड्यांत दोन्ही गटांत प्रत्येकी ८८,३९१ माणसं आहेत. लस घेतलेल्यांत ५०५ रुग्ण आणि न घेतलेल्यांत ४९९. फायदा शून्य. ब्रिटनमध्ये जोखीम जवळपास तीन चतुर्थांशांनी घटली आणि मद्रासला जराही घटली नाही. दोन्ही चाचण्या मोठ्या, दोन्ही प्रकाशित. ही तफावत कोणाच्या दप्तरात पडून राहिलेल्या निबंधांनी निर्माण झालेली नाही. संपूर्ण आकृतीचा अर्थ बदलणारा हा पुरावा अर्ध्या वाक्यात मांडावा, हे पक्क्या हाताचं काम आहे.

त्याच वाक्यात अक्षांश येतात. मद्रास १३ अंशांवर, ब्रिटनची चाचणी ५२ वर. अक्षांश प्रतिमानात घातले की चाचण्यांमधल्या विचरणाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग समजावला जातो. विषुववृत्ताजवळच्या माती-पाण्यातल्या इतर मायकोबॅक्टेरियांशी लोकांचा आधीच संपर्क येतो आणि त्यामुळे लशीचा जादा परिणाम झाकला जातो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पण अक्षांश हे बदली माप आहे. त्याच्याबरोबर हवामान, लोकसंख्या, लशीचं वाण, चाचणीची पद्धत असं बरंच काही बदलतं. नियमाला अपवादही आहेत: हैती १९ अंशांवर आहे, तरी तिथलं गुणोत्तर ०.२०. मद्रासच्याच अक्षांशावर असलेल्या आंध्रातल्या मदनपल्लीत ते ०.८० आलं. म्हणून लेखकाने ‘स्पष्ट करतात’ हे क्रियापद तफावतीपुरतं ठेवलं आणि असममितीशी नातं जोडताना ‘असू शकते’ वापरलं. क्रियापदांची ही मोजूनमापून केलेली वाटणी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

चौथं वाक्य दोन शक्यता शेजारी ठेवतं आणि दुसरीला पुसत नाही. खरी तफावत सापडली म्हणजे पब्लिकेशन बायस नव्हता असं ठरत नाही, कारण दोन्ही एकत्र नांदू शकतात. निवाडा करायचा तर आकृतीबाहेर जावं लागतं. सुरू झालेल्या चाचण्यांची नोंद काढून, त्यांतल्या किती छापल्या गेल्या हे पाहावं लागतं. या १३ चाचण्या १९८० पर्यंतच्या, आणि भारताची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री सुरू झाली २० जुलै २००७ रोजी. ताडून पाहायला त्या काळची नोंदवहीच नाही, म्हणून ‘नाकारता येत नाही’ यापेक्षा ठाम शब्द इथे खोटा ठरला असता. आजच्या चाचण्यांवरचा आढावा असेल तर मात्र याच जागी रजिस्ट्री तपासल्याचं वाक्य हवं. पुरावा जिथे संपतो तिथे वाक्यही थांबतं, आणि त्या थांबण्यात फार देखणा संयम आहे.

शेवटच्या वाक्यात दोन आकडे शेजारी ठेवले आहेत आणि त्यांतलं अंतर बरंच बोलतं. स्थिर-परिणाम पद्धतीत मद्रासचं वजन सुमारे ४१ टक्के असतं. यादृच्छिक-परिणाम पद्धतीत ते १० टक्क्यांवर येतं, तर फक्त २६२ माणसांच्या अ‍ॅरन्सन चाचणीला ५ टक्के मिळतात. म्हणजे पावणेदोन लाखांहून अधिक माणसांचं वजन २६२ माणसांच्या जेमतेम दुप्पट. लहान चाचण्या डावीकडे झुकलेल्या असल्या की हीच पद्धत त्यांना अधिक ऐकते आणि गुणोत्तर ०.६५ वरून ०.४९ वर उतरतं. लेखकाने काल्पनिक ठिपके भरून नवा ‘दुरुस्त’ आकडा काढला नाही, तेही योग्यच. इतक्या तफावतीत असली भरणी खऱ्या फरकालाच गहाळ चाचण्या समजून बसते. त्याऐवजी हे आकडे कुठे लागू करू नयेत ते त्याने सांगितलं. चेन्नईच्या वाचकाला त्याचा अर्थ लगेच कळेल: त्याच्या शेजारच्या जिल्ह्यातलं मोजमाप ०.४९ नव्हतं, १.०१ होतं.

यापुढे एखादा आढावा हाती आला की हा परिच्छेद आधी काढून वाचा. चाचण्या किती ते दिलं आहे का, टोकाचे ठिपके एकमेकांशी जुळतात का, आणि असममितीला एकाहून अधिक कारणं मोकळी ठेवली आहेत का, हे पाहा. तिन्ही असतील तर त्या लेखकाच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ‘फनेल प्लॉट असममित, म्हणून पब्लिकेशन बायस’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या आढाव्याचा एकत्रित आकडा वापरण्याआधी त्यातल्या मोठ्या चाचण्या एकेक करून स्वतः वाचा.